रविवारची उधारी

वऱ्हाडात सालदाराचा हिशेब गुढीपाडव्याला होतो. वर्षभरात त्याचे किती खाडे झाले, ते मालकाच्या वहीत लिहिलेले असते. पण शेतीपंपाची वीज रात्री येते म्हणून किती रात्री ओलिताला जागावे लागले, ते बहुधा कुणीच लिहून ठेवत नाही. कमी पडलेल्या दिवसाची नोंद होते आणि जादा दिलेल्या रात्रीची होत नाही, ही शेतावरची जुनी रीत आज अमरावती-अकोल्याच्या कारखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांतही पोचली आहे. फक्त तिथे तिला नाव मिळाले आहे. रविवारी बोलावले, पाळी संपल्यावर थांबवून घेतले, तर पैसे देण्याऐवजी ‘नंतर एक सुट्टी घे’ असे सांगितले जाते. कुणी तिला बदली सुट्टी म्हणते, कुणी भरपाई सुट्टी, तर कामगारांच्या तोंडी ती ‘सी-ऑफ’ किंवा ‘कॉम्प ऑफ’ असते. ती कुठे लिहायची आणि किती दिवसांनी ती संपावी, या दोन प्रश्नांवर बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर ऐकू येते : ‘महिन्याभरात घेतली नाही तर बुडाली.’ हे उत्तर कायद्याला धरून नाही आणि हिशेबालाही धरून नाही. सुट्टीला मुदत असावीच, पण ती देणाऱ्यासाठी असावी, आणि मुदत उलटली म्हणजे देणे संपत नाही, ते रोख होते, एवढेच इथे मांडायचे आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण सगळा घोळ त्या एकत्र केल्याने होतो. एक म्हणजे बुडालेला साप्ताहिक सुट्टीचा दिवस, आणि दुसरी म्हणजे ठरलेल्या तासांपलीकडे केलेले जादा काम. साप्ताहिक सुट्टी ही विश्रांतीची बाब आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली, तेव्हा कामगारांना आठवड्याला एक दिवस अंग टाकायला हवा होता. म्हणून तो दिवस बुडाला तर त्याच्या बदल्यात कायदा दुसरा दिवसच मागतो. जादा तासांचे तसे नाही. तिथे कायदा पैसे मागतो, आणि तेही दुप्पट. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवरच्या कामाला दुप्पट दर होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात तो दुप्पटच आहे आणि केंद्राच्या २०१९ च्या वेतन संहितेतही तो निदान दुप्पट हवा, असे म्हटले आहे. त्यामुळे ‘सहा तास जास्त थांबलास, सहा तासांची सुट्टी घे’ हा सौदा बरोबरीचा दिसला तरी तो बरोबरीचा नसतो.

आकड्यांत पाहू. समजा, अकोल्याच्या डाळ मिलमधला एक कामगार आठ तासांचे ६४० रुपये, म्हणजे तासाला ८० रुपये मिळवतो. एका आठवड्यात अठ्ठेचाळीस तास पुरे करून तो आणखी सहा तास थांबला. दुप्पट दराने त्याचे त्या सहा तासांचे ९६० रुपये झाले. त्याऐवजी सहा तासांची पगारी सुट्टी दिली, तर तिची किंमत भरते ४८० रुपये. निम्मी मजुरी तिथेच गेली. सौदा सरळ करायचा तर सहा तासांना बारा तासांची, म्हणजे दीड दिवसाची सुट्टी द्यायला हवी. अमेरिकेत जादा कामाचा दर दीडपट आहे. तिथल्या सरकारी कार्यालयांना १९८५ च्या दुरुस्तीनंतर पैशांऐवजी सुट्टी देण्याची मुभा मिळाली, तेव्हा सुट्टीही दीडपटच ठरवली गेली : एका तासाला दीड तास. जो दर पैशाला तोच सुट्टीला, हे तत्त्व तिथे कायद्यातच आहे, आणि खासगी मालकांना पैशांऐवजी सुट्टीची ही मुभा तिथे मुळात नाही. आपल्याकडे तासांच्या बदल्यात सुट्टी ही कायद्याने दिलेली वाट नव्हे, ती दोघांनी समजुतीने काढलेली वाट आहे. म्हणूनच तिथे कामगाराची संमती आणि दुप्पट माप, दोन्ही हवीत. त्यातले एक जरी नसेल तर पैसेच द्यावेत.

आता मुदतीकडे येऊ. कारखाने अधिनियमाचे कलम ५३ म्हणत होते की, सवलतीच्या आदेशामुळे कामगाराची साप्ताहिक सुट्टी बुडाली, तर ज्या महिन्यात ती देय होती त्या महिन्यात किंवा त्यापुढच्या दोन महिन्यांत तेवढ्याच भरपाई सुट्ट्या द्याव्यात. बसचालक आणि वाहकांसाठी असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाच्या कलम २० मध्ये हीच मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितांमध्ये हे दोन्ही कायदे विलीन झाले, पण तीन महिन्यांची ही चौकट तशीच राहिली. महाराष्ट्राच्या दुकाने अधिनियमात मोजणी थोडी निराळी आहे. तिथे सुट्टी नाकारली त्या दिवसापासून दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची असते. या तरतुदी नीट वाचल्या तर त्यांचा रोख लगेच कळतो. वाक्याचे ओझे देणाऱ्यावर आहे : सुट्टी ‘दिली पाहिजे’. कामगाराने ती ‘या मुदतीत मागितली पाहिजे, नाहीतर ती बाद’ असे यांतला एकही कायदा म्हणत नाही. सावकाराने दिलेली परतफेडीची तारीख उलटली म्हणून कर्ज माफ होत नाही. इथे मात्र देणेकऱ्यानेच तारीख उलटू द्यायची आणि देणे फिटले म्हणायचे, असा उलटा व्यवहार रूढ झाला आहे.

मोजणीतला हा फरक बारीक वाटला तरी नोंद कशी ठेवायची ते तोच ठरवतो. २०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या गर्दीत, एका कामगाराचे ५ आणि २६ तारखेचे दोन रविवार गेले असे धरू. तो कारखान्यात असेल तर दोन्ही सुट्ट्या ३१ डिसेंबरपर्यंत द्यायच्या. पहिलीला जवळजवळ तीन महिने मिळतात, दुसरीला दोन महिन्यांहून थोडेच जास्त. तोच माणूस कापड दुकानात असेल तर पहिली ५ डिसेंबरपर्यंत आणि दुसरी २६ डिसेंबरपर्यंत द्यायला हवी. आता हजेरीपटाच्या कोपऱ्यात नुसते ‘सी-ऑफ शिल्लक : २’ असे लिहिले असेल तर यांतले काहीच कळणार नाही. कोणती सुट्टी कधीची, कोणती आधी द्यायची आणि कोणत्या सुट्टीची मुदत उद्या संपते, हे शिल्लक आकडा सांगत नाही. म्हणून बदली सुट्टीची नोंद आकड्याने नव्हे, तारखेने ठेवावी लागते. प्रत्येक सुट्टीला एक ओळ : कोणता दिवस किंवा किती तास गेले, कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, प्रत्यक्ष कधी दिली, आणि शेवटी कामगाराची सही. सुट्टी दिली की सर्वांत जुनी ओळ आधी कापायची. एवढे सांभाळले की शंभर पानी वहीही पुरते, संगणक लागतोच असे नाही. शिवाय त्या ओळींची प्रत कामगाराच्या हातात असावी, बँकेचे पासबुक खातेदाराकडे असते तशी. एकाच बाजूला असलेला हिशेब वाद झाल्यावर कामाला येत नाही.

खरी कसोटी लागते ती जिनिंगच्या हंगामात. दिवाळीनंतर कापूस यायला लागतो, पुढचे चार-पाच महिने यंत्रे चालू असतात आणि उन्हाळा आला की बरीचशी माणसे घरी जातात. सवलत असलेल्या एखाद्या जिनिंगमध्ये डिसेंबर २०२५ चे चारही रविवार, म्हणजे ७, १४, २१ आणि २८ तारखेचे, कामात गेले असे समजू. कायद्याने चारही भरपाई सुट्ट्या २८ फेब्रुवारी २०२६ पर्यंत द्यायला हव्यात. तेव्हा हंगाम सुरूच असतो, म्हणजे मुदत नेमकी गर्दीत संपते. इथे हिशेब कसा फिरवला जातो ते ओळखायला शिकले पाहिजे. २६ जानेवारीला गेट बंद होते, तो दिवस भरपाईत धरला जातो. खरे तर ती सुट्टी मुळातच पगारी हक्काची, तिने रविवार फिटत नाही. एखाद्या दिवशी वीज गेली किंवा कापूस आला नाही म्हणून माणसे सकाळी दारावरून परत पाठवली, तर तोही दिवस वहीत ‘सी-ऑफ दिला’ म्हणून लिहिला जातो. ज्या सुट्टीची खबर आदल्या दिवशी मिळाली नाही आणि जिच्यासाठी माणूस डबा घेऊन गेटपर्यंत आला होता, ती विश्रांती नव्हे, ते काम नसल्याचे ओझे कामगारावर टाकणे आहे. दोन्ही प्रकार पकडायला एकच खूण पुरते. भरपाईच्या तारखा सणांच्या आणि यंत्र बंद असलेल्या दिवसांच्या नोंदीशी ताडून पाहाव्या. त्या वारंवार जुळत असतील तर सुट्टी कागदावरच दिली गेली आहे. त्यापुढे हंगाम संपून माणूस घरी गेला की राहिलेल्या सुट्ट्यांना काही अर्थच उरत नाही, कारण काम नसलेल्याला सुट्टी कशी देणार? त्या क्षणी त्यांचे पैसे करून शेवटच्या पगारात दिले नाहीत, तर त्या कायमच्या गेल्या.

या सगळ्यावर पहिला आक्षेप व्यवस्थापनाकडून येतो आणि तो हलका नाही. मुदत नसेल तर माणसे सुट्ट्या साठवतात, दोन वर्षांच्या साचल्या की लग्नसराईत एकदम मागतात आणि पाळी कोलमडते. दुकानदार सांगतो की चार माणसांपैकी दोन एकाच आठवड्यात गेली तर शटर उघडायचे कोणी? यातला धोका खरा आहे, म्हणूनच मी मुदत काढून टाका असे म्हणत नाही. उलट तीन महिन्यांची मुदत मला योग्य वाटते, कारण थकवा साठवून ठेवता येत नाही. डिसेंबरात बुडालेला रविवार पुढच्या दिवाळीला मिळाला तर शरीराला त्याचा काय उपयोग? प्रश्न मुदत किती, हा नाही; मुदतीच्या शेवटी काय होते, हा आहे. सुट्टी साचू नये असे मालकाला वाटत असेल, तर तारीख ठरवण्याचा अधिकारही त्यानेच वापरावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हॅरिस काउंटीच्या खटल्यात हेच म्हटले की, साचलेली भरपाई सुट्टी अमुक दिवशी घ्या असे सरकारी मालक कर्मचाऱ्याला सांगू शकतो. मालकाला तारीख लावता येते, म्हणून सुट्टी बुडवण्याची गरज त्याला उरत नाही. कामगाराने दिवस सुचवावा. त्याने सुचवला नाही किंवा तो सोयीचा नसला, तर मुदत संपण्याआधी मालकाने लेखी दिवस द्यावा. एवढी वाट मोकळी असताना ‘बुडाली’ म्हणणे म्हणजे आपले काम न केल्याचा फायदा घेणे आहे.

वऱ्हाडात तर हे नियोजन अवघड म्हणताच येणार नाही, कारण इथल्या जादा कामाचे वेळापत्रक आधीच ठाऊक असते. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या देवळाकडे कावडी येणार, त्यासाठी बंदोबस्त लागणार, दवाखाना सज्ज ठेवावा लागणार, हे पंचांग पाहून सांगता येते. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा हिवाळ्यात भरणार, आषाढीला आणि दिवाळीला एस.टी.च्या जादा गाड्या सुटणार, कापूस दिवाळीनंतर येणार, यांतले काहीही अचानक घडत नाही. ज्या दिवशी जादा पाळी लावली जाते, त्याच दिवशी त्याच कागदावर तिच्या भरपाईचा दिवसही लिहिता येतो. बंदोबस्ताची यादी जर महिनाभर आधी तयार होते, तर भरपाईची यादी तिच्याच मागच्या बाजूला का होऊ नये?

दुसरा आक्षेप उलट बाजूने, कामगारांच्या हितचिंतकांकडून येतो. मुदतीनंतर पैसे मिळणार म्हटले की माणसे सुट्टी घेणारच नाहीत, घरची ओढाताण त्यांना रविवार विकायला लावील, आणि लोखंड्यांनी मिळवलेली विश्रांती आपण पुन्हा बाजारात मांडू. ही भीती रास्त आहे. पण पैसे हा पहिला पर्याय नसून चुकीबद्दलची भरपाई आहे, हे नियमात स्पष्ट असले की ती बरीचशी मावळते. बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीला आधी दिवसच, आणि तो मालकाने लेखी देऊनही घेतला नाही असे व्हायला वाव नाही, कारण त्या दिवशी पाळीच लावायची नाही. रोख रक्कम फक्त दोन प्रसंगी यावी : मालकाने मुदतीत दिवस दिलाच नाही तेव्हा, आणि नोकरी किंवा हंगाम संपला तेव्हा. ती दुप्पट दराने असावी, म्हणजे सुट्टी देणे मालकाला नेहमीच स्वस्त पडेल. आज उलट आहे : सुट्टी न देणे फुकट पडते, म्हणूनच ती दिली जात नाही.

युरोपियन न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१८ रोजी वार्षिक पगारी रजेबाबत याच दिशेने निकाल दिला. कामगाराने अर्ज केला नाही एवढ्याच कारणावरून रजा आपोआप संपत नाही. मालकाने वेळेत आणि स्पष्ट शब्दांत सूचना दिली होती आणि रजा घेण्याची खरीखुरी संधी दिली होती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, असे त्या न्यायालयाने ठरवले. आपल्याकडे तो निकाल लागू नाही, पण त्यामागचा तर्क आपल्या वेतन संहितेतही सापडतो. तिथे न मिळालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. जादा कामाचे दुप्पट पैसे मागण्याचा हक्क तीन वर्षे जिवंत राहतो, आणि त्याच कामाच्या बदल्यात दिलेली सुट्टी तीस दिवसांत मरते, हे कोणत्या हिशेबात बसते? बदली वस्तू मूळ वस्तूपेक्षा आधी नासू लागली, तर ती बदली म्हणून स्वीकारायची कशी?

सरकारी नोकरीतला प्रश्न याहून कठीण आहे आणि तो टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, पण पोलीस, रुग्णालये यांसारख्या सेवा त्यातून वगळल्या गेल्या. जादा कामाच्या पैशांची वाटही इथे अरुंद आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या सरकारी महामंडळातील पर्यवेक्षकांचा दुप्पट भत्त्याचा दावा फेटाळला आणि सरकारी सेवकाची स्थिती खासगी कामगारापेक्षा वेगळी असते, हे अधोरेखित केले. मग ज्याला पैसे मिळू शकत नाहीत, त्याच्याकडे सुट्टी हीच एकमेव भरपाई उरते, आणि तिची मुदत चुकीची लागली तर त्याचे सगळेच जाते. शिवाय इथे दिवसांची मोजणी अपुरी पडते. अमरावती आणि अकोला मतदारसंघांत २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले, त्या दिवशी शुक्रवार होता. मतदान पथके आदल्या दिवशी, गुरुवारी, साहित्य घेऊन केंद्रांवर जातात, पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, सातपासून संध्याकाळी सहापर्यंत मतदान, आणि त्यानंतर यंत्रे जमा करेपर्यंत रात्र. यात रविवार कुठेच बुडाला नाही, म्हणून साप्ताहिक सुट्टीचा नियम त्याला शिवत नाही. पण सलग दीड दिवस माणूस कामावर होता. निवडणुकीचे मानधन मिळते, ते कामाचे, झोपेचे नव्हे. रात्रपाळीच्या परिचारिकेचे आणि बंदोबस्तावरच्या शिपायाचेही असेच होते. म्हणून अशा सेवांत नोंद तासांची ठेवावी आणि सलग तास ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की भरपाईची विश्रांती तीन महिन्यांनी नव्हे, लगेच दुसऱ्या दिवशी द्यावी. जिथे सेवेची निकड खरोखर आड येते तिथे अधिकाऱ्याने तसे लिहून मुदत वाढवावी. पण लेखी नकाराशिवाय मुदत संपू नये.

शेवटचा आक्षेप लहान मालकाचा : ‘आमच्याकडे हे सांभाळायला माणूस कुठे आहे?’ सहा माणसांच्या दुकानात महिन्याला फार तर दहा-बारा ओळी होतील. खाडे लिहायला जो वेळ लागतो, त्याहून याला जास्त लागत नाही. अडचण वेळेची नसते. लिहिले की देणे कबूल केल्यासारखे होते, म्हणून ते लिहिले जात नाही.

तेव्हा निष्कर्ष साधा आहे. जादा तासांचे मोल दुप्पट पैशांत द्यावे. कामगाराच्या संमतीने सुट्टी द्यायची तर तीही दुप्पट मापाने. बुडालेला साप्ताहिक दिवस त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावा. दुकानात दोन महिन्यांतच. ती तारीख गाठण्याची जबाबदारी मालकाची. ती चुकली, किंवा नोकरी संपली, तर सुट्टी बुडत नाही, ती पगारात दुप्पट दराने उतरते. आणि प्रत्येक कामगाराने आजपासून एवढे करावे : ज्या दिवशी जादा थांबाल त्या दिवशीची तारीख, तास आणि थांबवणाऱ्याचे नाव आपल्या वहीत लिहावे आणि महिनाअखेरीस ती ओळ हजेरीपटाशी ताडून पाहावी. खाड्याची तारीख मालकाकडे असते. जादा पाळीची तारीख तुमच्याकडे असायला हवी.